सर्वांनी होकार दिलेल्या मताशी असहमती कशी लिहावी

काही वर्षांपूर्वी एका गटात लिहून चालणाऱ्या चर्चेत कोणीतरी विचारले होते की, नव्या फोनची बॅटरी अधिक वर्षे टिकावी म्हणून काय करावे. पहिलेच उत्तर गटातील एका जुन्या आणि सर्वांच्या आदराच्या सदस्याचे होते: "बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, फोन बंद पडला की मगच चार्जिंगला लावावा आणि शंभर टक्के होईपर्यंत काढू नये. मी पाच वर्षे हेच करतो आहे आणि माझी बॅटरी आजही उत्तम आहे." त्याखाली चाळीसेक जणांनी "अगदी बरोबर", "सहमत", "आम्हीही असेच करतो" असे लिहिले होते. मला हे मत पटले नाही आणि मी दोन मिनिटांत पुढील उत्तर पाठवून दिले:

"मुळात हा फार जुना गैरसमज आहे. आजच्या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या असतात, त्यांना हा नियम लागूच होत नाही. पूर्ण उतरवल्याने उलट नुकसानच होते. सल्ला देण्यापूर्वी थोडे तरी वाचावे, ही नम्र विनंती."

माहिती म्हणून त्यात फारसे चुकीचे काही नव्हते. तरीही पुढचे पंधरा-वीस प्रतिसाद बॅटरीविषयी नव्हते, ते माझ्याविषयी होते. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीने शेवटी आभार मानले ते पहिल्या उत्तराचे, आणि आपण त्याप्रमाणेच वागणार असल्याचेही सांगितले. म्हणजे माझी माहिती ज्या एका माणसापर्यंत पोहोचायला हवी होती, त्याच्यापर्यंतच ती पोहोचली नाही. त्यानंतर मी अशी उत्तरे लिहिण्याची पद्धत हळूहळू बदलत गेलो. लेखी चर्चेत नुकतेच सहभागी होऊ लागलेल्यांसाठी ती पद्धत येथे क्रमाने मांडतो, आणि उदाहरण म्हणून हेच बॅटरीचे प्रकरण शेवटपर्यंत हाताशी ठेवतो.

पहिली पायरी: नेमके काय पटत नाही ते ठरवणे

लोकप्रिय मत म्हणून जे समोर येते, त्यात बहुधा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक असतो अनुभव, दुसरी असते आवड आणि तिसरे असते वस्तुस्थितीविषयीचे विधान. वरच्या उत्तरात "माझी बॅटरी पाच वर्षे टिकली" हा अनुभव आहे, आणि तो नाकारण्याचा अधिकार मला नाही, कारण तो फोन मी पाहिलेला नाही. "मला फोन सतत चार्जिंगला लावायला नको वाटते" असे कोणी लिहिले असते, तर ती आवड ठरली असती आणि तिथे असहमती दाखवण्यासारखे काहीच उरले नसते. माझा आक्षेप फक्त "बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, म्हणजे ती जास्त टिकते" या विधानाला आहे.

हे वेगळे करणे कागदावर सोपे दिसते, पण घाईत नेमके हेच सुटते. माझ्या पहिल्या उत्तरात "हा गैरसमज आहे" असे मी संपूर्ण मताला म्हटले होते, आणि त्यामुळे त्या सदस्याला त्याचा अर्थ "तुमचा पाच वर्षांचा अनुभव खोटा आहे" असा लागला. खाली होकार देणाऱ्या प्रत्येकाला तो तसाच लागला, कारण त्यांच्याकडेही स्वतःचा अनुभव होता. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहून पाहावे: "या मतातील अमुक भाग मला पटत नाही." तो "अमुक भाग" चार-पाच शब्दांत मावत नसेल, तर आपला आक्षेप अजून आपल्यालाच स्पष्ट झालेला नाही असे समजावे आणि थांबावे.

याच पायरीवर सगळे प्रतिसाद वाचून काढावेत, नुसते वरचे दोन-तीन वाचून भागत नाही. आपला मुद्दा आधीच कोणी मांडला असेल, तर तो पुन्हा नव्याने मांडू नये; त्या व्यक्तीच्या प्रतिसादाखाली "मलाही असेच वाटते, आणि त्याला एक कारण जोडतो" असे लिहावे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. त्यांत कोणती रेघ कोणत्या रेघेइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे होते, पण खोलीतील बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत असत. अशा वेळी जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीविरुद्ध बहुमताचे उत्तर दिले. मात्र खोलीत एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा असला, तर बहुमतामागे जाण्याचे प्रमाण झपाट्याने खाली येत असे. म्हणजे एकट्या पडलेल्या प्रतिसादाला दिलेली साथ ही स्वतंत्रपणे लिहिलेल्या लांब उत्तरापेक्षा अनेकदा अधिक उपयोगाची असते.

त्याच प्रयोगांतून दुसरी एक गोष्टही कळते. त्या चाळीस होकारांमागे चाळीस स्वतंत्र निर्णय असतीलच असे नाही. काहींनी विचार करून, काहींनी आदरापोटी आणि काहींनी वेगळे दिसू नये म्हणून होकार दिलेला असू शकतो. त्यामुळे आपण ज्या लोकांना उद्देशून लिहितो, त्यांच्यात आधीच थोडी शंका असलेले काहीजण असतील असे धरून लिहावे. असे धरले की सूर आपोआप खाली येतो, कारण आपण मग भिंतीवर डोके आपटत नसतो.

दुसरी पायरी: पूर्वपक्ष मांडणे

आपल्याकडील शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडायचे आणि मग त्याचे उत्तर द्यायचे, अशी जुनी शिस्त आहे. प्रतिपक्षाच्या म्हणण्याला पूर्वपक्ष म्हणतात. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. मराठीत "वितंडवाद" हा शब्द आजही आपण ज्या रागाने वापरतो, तो राग याच तिसऱ्या प्रकारावरचा आहे. माझ्या पहिल्या उत्तरात पूर्वपक्ष नव्हता. समोरच्याने असे का म्हटले असावे याचा एका शब्दानेही विचार नव्हता.

पूर्वपक्ष मांडणे म्हणजे समोरच्याचे वाक्य जसेच्या तसे पुन्हा लिहिणे नव्हे, आणि त्याची खुशामत करणेही नव्हे. त्या मताच्या मुळाशी असलेले सर्वांत भक्कम कारण शोधून काढणे, म्हणजे पूर्वपक्ष मांडणे. बॅटरीच्या बाबतीत असे कारण खरोखर आहे. लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात येऊ लागल्या त्या 1991 पासून. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षे हातात धरून वापरायच्या उपकरणांत निकेल-कॅडमियम बॅटऱ्या सर्रास असत. अशी बॅटरी पुन्हा पुन्हा अर्धवट उतरवून चार्ज केली, तर तिची क्षमता घटल्यासारखी दिसे. या दोषाला "स्मृतिदोष" किंवा बोलताना "मेमरी इफेक्ट" म्हणत, आणि बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवणे हा त्यावर योग्य उपाय होता. म्हणजे चाळीस जणांनी उचलून धरलेला सल्ला कोणी हवेतून काढलेला नव्हता. तो एका वेगळ्या बॅटरीसाठी दिलेला, तेव्हा अचूक असलेला सल्ला होता आणि बॅटरी बदलल्यावरही तो तसाच चालत राहिला.

ही माहिती मिळाल्यावर माझ्या असहमतीचे स्वरूपच बदलले. "तुम्ही चुकीचे आहात" याऐवजी "हे त्या बॅटरीसाठी बरोबर होते, आता बॅटरी वेगळी आहे" असे म्हणता येऊ लागले. दुसऱ्या वाक्यात समोरच्याला मूर्ख ठरवावे लागत नाही, आणि मत बदलताना त्याला मान खाली घालावी लागत नाही. काळ बदलला, परिस्थिती बदलली, प्रश्न वेगळा होता, असे खरे कारण प्रत्येक वेळी सापडेलच असे नाही. ते सापडले नाही तर बनवून सांगू नये. तेव्हा एवढेच लिहावे की अनेकांचा अनुभव असा आहे हे मी वाचले, तरी मला एका गोष्टीचा मेळ लागत नाही. आणि ती गोष्ट सांगावी.

पूर्वपक्ष जमला की नाही, हे ओळखण्याची एक कसोटी आहे. आपण लिहिलेली पहिली दोन-तीन वाक्ये वेगळी काढून मनातल्या मनात त्या सदस्यासमोर ठेवावीत. त्याने "होय, मला हेच म्हणायचे होते" असे म्हटले असते का, असे स्वतःला विचारावे. उत्तर "नाही" असेल, तर पुढचे खंडन कितीही अचूक असले तरी ते दुसऱ्याच कोणाच्या मताचे खंडन ठरते.

तिसरी पायरी: नकार लहान वाक्यात आणि उघड लिहिणे

नम्रपणे लिहू पाहणाऱ्या नव्या माणसाची चूक बहुधा उलट्या बाजूने होते. मराठीत क्रियापद आणि "नाही" हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे "आपण सर्वांनी मांडलेले अनुभव मोलाचे असले आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ असले तरी काही बाबतींत कदाचित थोडा वेगळा विचारही करता येऊ शकेल की काय असे वाटल्यावाचून राहत नाही" असे वाक्य लिहिले, तर वाचणाऱ्याला ते संपेपर्यंत लेखक कोणत्या बाजूचा आहे हेच कळत नाही, आणि संपल्यावरही नीट कळत नाही. असे वाक्य नम्र नसते, ते केवळ भित्रे असते. आणि पुढे आपले खरे मत उघड झाले की वाचणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते.

आदर दाखवण्याची जागा पूर्वपक्षात आहे. नकाराला मात्र त्याचे स्वतःचे, लहान, सरळ वाक्य द्यावे: "यातील 'पूर्ण उतरू द्यावी' हा भाग मला पटत नाही." त्यापाठोपाठ कारण, आणि कारण एकच. आपल्याकडे पाच कारणे असली तरी सर्वांत भक्कम असलेले एकच लिहावे, कारण पाच कारणे लिहिली की वाचणारे त्यांतले सर्वांत कच्चे कारण उचलतात आणि चर्चा त्यावरच अडकते. बाकीची चार, कोणी विचारले तर देण्यासाठी, हाताशी ठेवावीत.

या क्रमाला एक अपवाद आहे. लोकप्रिय सल्ल्यामुळे कोणाला इजा होण्याची शक्यता असेल, तर पूर्वपक्ष वगैरे नंतर. फुगलेली बॅटरी टोचून आतली हवा काढावी असे कोणी सुचवले आणि इतरांनी मान डोलावली, तर पहिले वाक्य "असे करू नका, बॅटरी पेट घेऊ शकते" हेच असले पाहिजे. सभ्यपणा त्यानंतरच्या वाक्यांत सांभाळता येतो.

चौथी पायरी: छोटे शब्द तपासणे

मसुदा लिहून झाला की मी तो एकदा केवळ छोट्या शब्दांसाठी वाचतो. उर्मटपणा बहुधा मोठ्या शब्दांत नसतो. "मूर्ख", "अडाणी" असे शब्द आपण लिहीतच नाही. तो "च", "तरी", "मुळात" अशा शब्दांत लपलेला असतो आणि लिहिणाऱ्याला तो दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक पत्रांवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात असे दिसले होते की, आपला गंभीर किंवा उपरोधिक सूर वाचणाऱ्याला बरोबर कळेल अशी जेवढी खात्री लिहिणाऱ्यांना होती, तेवढा तो वाचणाऱ्यांना प्रत्यक्षात कळत नव्हता. कारण साधे आहे. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज चालू असतो, पण तो कागदावर उतरत नाही.

"च" पासून सुरुवात करावी. "हा नियम लागू होत नाही" आणि "हा नियम लागूच होत नाही" यांत माहिती एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात दार आपटल्याचा आवाज आहे. माझ्या चार ओळींच्या उत्तरात "लागूच" आणि "नुकसानच" असे दोन "च" होते. नकाराच्या वाक्यातला प्रत्येक "च" काढून वाक्य पुन्हा वाचावे. अर्थ बदलत नसेल तर तो परत घालू नये. समोरच्याचे मान्य करताना मात्र हाच "च" उदारपणे वापरावा. "तो सल्ला तेव्हा योग्यच होता" या वाक्यातला "च" मनापासून दिलेला वाटतो.

"तरी" अधिक बोचतो. "थोडे वाचावे" हा सल्ला आहे, "थोडे तरी वाचावे" हा आरोप आहे, कारण त्यात तुम्ही काहीच वाचलेले नाही असे गृहीत धरलेले असते. "निदान", "एवढे तरी", "साधी गोष्ट आहे" हे सगळे याच कुळातले आहेत. "साधी गोष्ट" तर विशेष टाळावी. ती गोष्ट साधी असेल आणि चाळीस जणांना कळली नसेल, तर त्या चाळिसांविषयी आपण काय म्हणतो आहोत ते उघडच आहे. "म्हणे" हा शब्दही तपासावा. "बॅटरी पूर्ण उतरवायची म्हणे" असे लिहिले की चेहरा न दाखवताही नाक मुरडलेले दिसते.

"मुळात" आणि "खरे तर" या शब्दांनी सुरू होणारा प्रतिसाद बहुधा चर्चा स्वतःच्या ताब्यात घेऊ पाहतो. आतापर्यंतचे सगळे बोलणे वरवरचे होते आणि मूळ आता मी सांगतो, असा त्याचा ध्वनी असतो. "समजावून सांगतो" आणि "सोप्या भाषेत सांगायचे तर" या शब्दप्रयोगांनी वाचणारा एकदम वर्गात बाकावर जाऊन बसतो. ते काढले की वाक्याचे काही बिघडत नाही.

सर्वनामे हा मराठीने आपल्याला दिलेला मोठा आधार आहे. "आम्ही" म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटले की तो आत येतो. "आम्हाला माहीत आहे की हा जुना नियम आहे" यात दोन गट तयार होतात, तर "आपल्यापैकी अनेकांनी ही सवय जुन्या बॅटऱ्यांपासून लावून घेतली" यात लिहिणारा आणि वाचणारा एकाच बाजूला बसतात. मात्र हाच "आपण" एकट्या माणसाला उद्देशून, आणि आधीची सगळी चर्चा "तुम्ही"वर चालू असताना अचानक वापरला, तर तो उपरोधिक वाटतो. "आपण थोर आहात" हे वाक्य कोणी प्रेमाने लिहिलेले मी क्वचितच वाचले आहे. गटात जे संबोधन रूढ असेल तेच ठेवावे. समोरची व्यक्ती वयाने किंवा मानाने मोठी असेल आणि सगळे तिला "काका" किंवा "ताई" म्हणत असतील, तर आपणही तसेच म्हणावे. असहमतीच्या वेळीच नेमके ते संबोधन गाळले, तर ते लगेच लक्षात येते.

शेवटी "पण". "तुमचे बरोबर आहे, पण" यातला पहिला भाग कोणी वाचत नाही, कारण "पण" येणार हे सर्वांना ठाऊक असते. त्याऐवजी काय बरोबर आहे ते नाव घेऊन सांगावे, पूर्णविराम द्यावा आणि नकार पुढच्या वाक्यात लिहावा. "ही नम्र विनंती", "माझ्या अल्पमतीप्रमाणे", "राग मानू नये" ही पुस्ती शेवटी जोडावीशी वाटत असेल, तर वरच्या मजकुरात काहीतरी बोचणारे राहिले आहे असे समजून वर जाऊन शोधावे. माझ्या उत्तरात ते "नम्र विनंती"च्या अगदी अलीकडच्या शब्दांत होते.

पुन्हा लिहिलेले उत्तर

काही महिन्यांनी त्याच गटात तोच प्रश्न पुन्हा आला, त्याच सदस्याने तेच उत्तर दिले आणि होकारही तसेच मिळू लागले. या वेळी मी मसुदा रात्री लिहिला, सकाळी पुन्हा वाचला आणि पुढीलप्रमाणे पाठवला:

"तुमची बॅटरी पाच वर्षांहून अधिक चालली आहे आणि इतर अनेकांनीही तसेच लिहिले आहे, त्यामुळे तुमच्या वापरात काहीतरी नीट घडते आहे हे नक्की. पूर्ण उतरवून मग चार्ज करण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी योग्यच होता. त्या अर्धवट उतरवून चार्ज केल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी होई, आणि आपल्यापैकी अनेकांना ही सवय तेव्हाच लागली. आजच्या फोनसाठी मात्र 'पूर्ण उतरू द्यावी' हा भाग मला पटत नाही. फोनमध्ये आता लिथियम-आयन बॅटरी असते, तिला तो दोष जवळजवळ नसतो, आणि वारंवार तळापर्यंत उतरवल्याने ती लवकर झिजते. म्हणून वीस टक्क्यांच्या आसपास आली की चार्जिंगला लावणे मला बरे वाटते. एक विचारतो: तुमचा फोन साधारण किती दिवसांनी पूर्ण उतरतो? तीन-चार दिवसांनी उतरत असेल, तर वर्षभरात चार्जिंगची आवर्तने मुळी कमी होतात, आणि बॅटरी टिकण्याचे तेही एक कारण असू शकेल."

यातील शेवटच्या प्रश्नाविषयी थोडे सांगायला हवे. असहमतीला प्रश्नाचे रूप दिले की ती आपोआप सौम्य होते असा एक समज आहे, आणि तो मला मान्य नाही. "तुम्ही कधी बॅटरीची माहितीपत्रिका उघडून पाहिली आहे का?" हाही प्रश्नच आहे, पण त्याचे उत्तर विचारणाऱ्याला नको असते. प्रश्न लिहिण्यापूर्वी पाहावे की, त्याच्या एखाद्या उत्तराने माझे मत बदलेल का. माझ्या प्रश्नाला "रोज दोनदा उतरतो" असे उत्तर आले असते, तर माझे अनुमान कोलमडले असते आणि मला नव्याने विचार करावा लागला असता. म्हणून तो प्रश्न विचारण्याजोगा होता.

पाचवी पायरी: पाठवल्यानंतर

पहिला तासभर काही लिहू नये. लोकप्रिय मताविरुद्ध लिहिले की सुरुवातीला येणारे प्रतिसाद बहुधा मत आवडलेल्यांचे असतात आणि ते तिखट असतात. विचार करून लिहिणारे उशिरा येतात. प्रत्येक तिखट ओळीला उत्तर देऊ लागलो, तर पानभर आपलेच नाव दिसू लागते आणि सभ्यपणे लिहिलेली पाच उत्तरेही एकत्रितपणे हट्ट वाटू लागतात. मी स्वतःसाठी एक प्रतिसाद आणि त्यावर आलेल्या खऱ्या प्रश्नांना मिळून एक उत्तर, एवढीच मर्यादा ठेवली आहे.

आपला सूर बिघडला आहे का, हे उत्तरांच्या विषयावरून कळते. लोक बॅटरीविषयी वाद घालत असतील, कितीही जोरात घालत असले तरी, सगळे ठीक आहे. ते आपल्या स्वभावाविषयी, शिक्षणाविषयी किंवा "तुम्हाला एवढे येते तर" अशा सुरात लिहू लागले, तर आपल्या मजकुरात जाऊन कारण शोधावे. सापडले तर "माझे अमुक वाक्य बोचरे झाले, ते मागे घेतो, मुद्दा एवढाच आहे" असे एकदाच लिहावे. "कोणाला वाईट वाटले असल्यास क्षमस्व" असे लिहू नये, कारण त्यात दोष वाईट वाटून घेणाऱ्याकडे जातो.

त्या दुसऱ्या वेळी जुन्या सदस्याचे उत्तर संध्याकाळी आले. त्यांनी लिहिले होते: "चार दिवसांनी उतरतो, मी फोन फक्त बोलण्यापुरता वापरतो. तुमचे आवर्तनांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. मात्र अधूनमधून पूर्ण उतरवून पूर्ण भरल्यावर माझी टक्केवारी नीट दिसू लागते, नाहीतर तीस टक्क्यांवरच फोन बंद पडे. त्याचे काय?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. फोन शिल्लक टक्केवारी अंदाजाने काढतो, काळाने तो अंदाज चुकू लागतो, आणि कधीतरी एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने तो पुन्हा जुळून येऊ शकतो. यात बॅटरीचे आयुष्य वाढत नाही, फक्त मोजणी सुधारते. ही गोष्ट मला माहीत होती, तरी माझ्या उत्तरात ती नव्हती.

मी उत्तर लिहिले: "हे तुमचे बरोबर आहे आणि माझ्या उत्तरात ते राहून गेले होते. टक्केवारी चुकीची दिसू लागली, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरावी. रोजच्या वापरात मात्र तसे करू नये, एवढेच माझे म्हणणे उरते." मग वरच्या माझ्या मूळ उत्तराच्या तळाशीही ही भर घातली, म्हणजे खालपर्यंत न वाचणाऱ्यालाही ती दिसेल. प्रश्न विचारणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दोघांचे आभार मानले आणि विचारले की, मग रात्रभर चार्जिंगला लावून ठेवणे योग्य की नाही. त्याचे उत्तर मी दिले नाही, कारण तोवर त्या सदस्यांनीच ते लिहायला घेतले होते.